पाच पर्याय आणि पाव गुण

पहिली कंपनी आमच्या पॉलिटेक्निकमध्ये आली तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. कंपनीने कॉलेजात येऊन मुलं निवडायची, ही पद्धत तेव्हा आमच्याकडे नवीच होती. 'कॅम्पस इंटरव्ह्यू' हा शब्द आम्ही जपून, बिचकत उच्चारत असू. मशिन ड्रॉइंग, धातूंचे गुणधर्म, गिअरचे दाते, सगळं घोकून मी तयार होते. पेपर हातात आला आणि त्यात यातलं काहीच नव्हतं.

साठ प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय. उत्तर चुकलं तर पाव गुण कापणार. आकड्यांच्या मालिका, नातेसंबंध, दिशा, अमुक माणूस इतक्या दिवसांत काम करतो तर दोघं मिळून किती दिवसांत करतील. सगळं इंग्रजीतून. मी दापोडीच्या मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी वाचता यायचं, पण ते आधी मनातल्या मनात मराठीत आणल्याशिवाय कळायचं नाही.

अकराव्या प्रश्नात सहा माणसं एका गोल टेबलाभोवती बसली होती. कोण कोणाच्या डावीकडे ते शोधायचं होतं. मी गोल काढला, खोडला, पुन्हा काढला. सोडून पुढे जावं हे सुचलंच नाही. शाळेत सोडून पुढे जाणारा कच्चा समजला जायचा. 'लास्ट टेन मिनिट्स' असं सुपरवायझर म्हणाले तेव्हा मी एकतिसाव्या प्रश्नावर होते. हाताला घाम सुटून पेन्सिल निसटत होती. उरलेल्या प्रश्नांवर मी डोळे मिटल्यासारख्या खुणा करत गेले.

संध्याकाळी यादी लागली. वर्गात आम्ही चार मुली. चौघींपैकी एकीचंही नाव नव्हतं. बाकीच्या तिघी रडल्या, मी रडले नाही. कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सात आठवड्यांनी दुसरी कंपनी येणार होती, आणि ती म्हणजे बाबा ज्या कंपनीत मशिन ऑपरेटर होते तीच, पिंपरीची. प्लॅनिंग खात्यासाठी त्यांना डिप्लोमावाले ट्रेनी हवे होते आणि मुलींनाही अर्ज करता येणार होता. त्यानंतर त्या वर्षी कोणी येणार नव्हतं.

आमच्या गल्लीत समोरच्या घरात एक काका राहायचे. साताऱ्याकडचे, बाबांच्याच कंपनीत, वर्कस्टडी खात्यात. म्हणजे हातात स्टॉपवॉच आणि फळी घेऊन कामगाराच्या शेजारी उभं राहायचं, एक नग बनवायला किती वेळ लागतो ते मोजायचं. त्यावरून दिवसाला किती नग व्हायला हवेत ते ठरे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाबांच्या मशिनवर वेळ मोजला होता आणि बाबांच्या लाइनचा कोटा वाढला होता. तेव्हापासून बाबा त्यांच्याशी बोलत नसत. त्यांचं नावही घेत नसत. 'घड्याळवाला' म्हणत. बायकांचं मात्र बोलणं होतं. आई आणि काकू नळावर भेटत, एकमेकींना वाटीभर साखर देत.

काकूंनीच आईकडून माझ्या नापास होण्याचं ऐकलं असणार. बाबा त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होते, दुपारी तीन ते रात्री अकरा. एका संध्याकाळी काकूंनी मला हाक मारली. काका नुकतेच कामावरून येऊन ओट्यावर चहा पीत बसले होते.

"किती प्रश्न सोडवलेस?" त्यांनी विचारलं.

"साठच्या साठ."

"सोडवलेस की खुणा केल्यास?"

मी मान खाली घातली.

"पाच पर्याय होते ना? डोळे मिटून पाच प्रश्नांवर खुणा केल्यास तर सरासरीने एक बरोबर येईल, चार चुकतील. चार पाव म्हणजे एक. मिळवलेला एक तिथेच गेला. हातात काय राहिलं?"

"शून्य."

"मग एवढी पेन्सिल कशाला झिजवायची? पण पाचातले दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कळलं, तर गोष्ट वेगळी. उरलेल्या तिनात खूण केलीस तर तीन वेळांत एकदा एक मिळेल, दोनदा पाव जाईल. तिथे खूण करायची. आंधळी खूण नाही करायची."

मला तोवर हे कोणी सांगितलं नव्हतं. पाव गुण कापतात म्हणजे घाबरायचं, एवढंच ठाऊक होतं.

मी विचारलं, "काका, शिकवाल का मला?"

ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचारलंस?"

"ते नाही म्हणतील."

"मग?"

"मग मी त्यांना सांगणार नाही. निदान आत्ता तरी."

काकू म्हणाल्या, "ओट्यावर बसेल ती. चारचौघांत. त्यात लपवण्यासारखं काय आहे?" काका कप घेऊन आत गेले. पण दुसऱ्या दिवशी मी पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीतून स्पर्धा परीक्षांचं एक फाटकं गाईड आणलं, तेव्हा ते ओट्यावर वाट पाहत बसले होते.

त्यांचा नियम एकच होता. रोज वीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. पहिली बारा मिनिटं बारा प्रश्न, दोन प्रकारचे, सहा-सहा. उरलेली आठ मिनिटं फक्त चुकांसाठी. रविवारी सकाळी मात्र माझा मी घरी पूर्ण पेपर सोडवायचा, साठ प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं.

"काका, मी दोन तास बसू शकते," मी म्हणाले.

"दोन तास बसशील आणि चौथ्या दिवशी कंटाळशील. थकलेल्या माणसाचं काम मोजलं की आकडा खोटा येतो. वीस मिनिटं, पण रोज. आजारी असलीस तरी."

कंपनीचं स्टॉपवॉच ते कधी घरी आणत नसत. ते कंपनीच्या कपाटात कुलूपबंद असायचं. आमच्यासाठी त्यांचं मनगटावरचं घड्याळ होतं, सेकंद काटा असलेलं. पण मोजायची रीत कामावरचीच. एखादं काम ते तुकड्यांत पाहत: नग उचलला, बसवला, कापला, काढून ठेवला. वेळ नेमका कुठल्या तुकड्यात जातो ते शोधायचं. तसंच त्यांनी माझं पाहिलं. प्रश्न वाचणं, कच्चं काम, हिशेब, उत्तरावर खूण. मी खाली मान घालून सोडवत असे आणि ते काही न बोलता कागदावर आकडे टिपत. फार अवघडल्यासारखं व्हायचं. बाबांना मशिनवर काय वाटत असेल ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

पाचव्या दिवशी त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"तुझा हिशेब चांगला आहे. पण प्रत्येक प्रश्न तू तीन-तीनदा वाचतेस. अर्धा वेळ वाचण्यात जातो."

"इंग्रजी आहे ना."

"मग चुका पण इंग्रजीच्या आहेत का ते बघू."

त्यांनी मला एक वही करायला लावली. वर तारीख. खाली त्या दिवशीची प्रत्येक चूक, आणि चुकीपुढे एक अक्षर. वाचण्यात चूक असेल तर 'वा'. घाईने आकडा चुकला तर 'घा'. रीतच येत नसेल तर 'ये'. दीड मिनिटाच्या वर गेलं तर उत्तर बरोबर असलं तरी 'वे'. दोन आठवड्यांनी आम्ही अक्षरं मोजली. मला वाटलं होतं 'ये' सगळ्यांत जास्त निघतील. निघाले 'वा'.

काही चुका वाचून मला माझंच हसू आलं. 'अंकल' शब्द दिसला की मी लगेच काका धरायची आणि बापाच्या बाजूने वंशवेल काढायची. पण इंग्रजीत मामाही अंकलच. आमच्या भाषेत मामा, काका, आत्या, मावशी इतकी स्वच्छ वेगळी असताना मी इंग्रजीसमोर एकदम अडाणी झाले होते. काकांनी सांगितलं, नातं मराठीत आणायचं नाही, चित्रात आणायचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोला आडवी रेघ, मुलांना उभी. जे सांगितलेलं नाही ते काढायचं नाही.

'ऑल' आणि 'सम' हे शब्दही असेच दगा देणारे. सगळे लेथ हे मशिन आहेत, काही मशिन जुने आहेत, म्हणून काही लेथ जुने आहेत का? मी ठामपणे हो लिहिलं होतं, कारण बाबांच्या खात्यातले लेथ जुनेच होते. काका म्हणाले, "तुला ठाऊक आहे म्हणून नाही चालत. कागदावर काय आहे? जुने मशिन सगळे ड्रिलिंगचे असले तर?" मी दोन गोल काढले, तिसरा गोल पहिल्याला न शिवता दुसऱ्यात अर्धा बसवून दाखवला. तो निष्कर्ष निघत नव्हता.

हे सगळं सुरू झालं होतं बाबांच्या नकळत. पण दुसऱ्याच आठवड्यात पाळी बदलली. पहिल्या पाळीचा आठवडा आला, म्हणजे बाबा चारच्या आत घरी. पहिल्या दिवशी मी आईला म्हणाले, आज जात नाही. आईने भाजी निवडता निवडता वर पाहिलं. "रोज म्हणालेत ना ते? मग जा. मी बघते."

मी गेले. सातवा की आठवा प्रश्न चालू होता. ओट्याच्या पायरीवर सावली पडली. बाबा उभे होते.

काका उठून उभे राहिले. काकू दारात आल्या. गल्लीत कोणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्या पंपाचा आवाज तेवढा येत होता.

"काय चाललंय हे?" बाबा माझ्याकडे बघून बोलले. काकांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"परीक्षेची तयारी."

"ह्या माणसाकडं?"

"बाबा, मला दुसरं कोणी..."

"ह्या माणसानं माझ्या मशिनवर घड्याळ लावलं तवापासून आमी पाणी प्यायला बी पळत जातो. आन् तू त्याच्याम्होरं बसून वेळ मोजून घेतीस? चल घरी."

काका म्हणाले, "भाऊ, मी आकडा लिहिला. कोटा मी नाही ठरवला."

"आकडा कुनी लिवला मग? देवानं?"

  मी बाबांना म्हणाले, "बारा मिनिटं संपायला चार मिनिटं आहेत. तेवढी होऊ द्या. मग येते." हे मी कसं म्हणू शकले, मला आजही नवल वाटतं. बाबांना मी तोवर कधी थांबा म्हटलं नव्हतं.

ते गेले नाहीत. बसलेही नाहीत. तसेच पायरीशी उभे राहिले आणि मी उरलेले प्रश्न सोडवले.  त्यातला एक काम-काळाचा होता. एक माणूस दहा दिवसांत काम करतो, दुसरा पंधरा दिवसांत, दोघं मिळून किती दिवसांत. मी अपूर्णांक मांडायला घेतले, एक दशांश अधिक एक पंधरांश, आणि घाबरल्यामुळे छेद चुकवला. खोडलं. परत मांडलं.

"काय हाय ते?" बाबांनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं.

बाबांनी वाकून कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "काम म्हंजे काय? नग समज ना. तीस नग समज. एक दिसाला तीन काढतो, दुसरा दोन. दोघांचं पाच. सहा दिस."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. दहा आणि पंधरा दोन्हींनी भाग जाईल असा आकडा घ्यायचा. अपूर्णांक काढायचेच नाहीत. याहून जलद रीत नाही."

ते माझ्याशी बोलत होते पण ऐकवत होते बाबांना. बाबा वळून घराकडे निघाले.  दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजता मी वही उचलली आणि दारात थबकले. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. एवढंच. मी तो होकार समजले.

नंतर पहिल्या पाळीच्या आठवड्यांत बाबा त्या वेळी आमच्याच उंबऱ्यावर येऊन बसू लागले, समोर. गल्ली आठ-दहा हातांची. तिथून सगळं ऐकू येई. काम-काळाचा प्रश्न आला की मी मुद्दाम मोठ्याने मराठीत वाचायची, आणि समोरून उत्तर यायचं. मालिका आणि सांकेतिक अक्षरं आली की बाबा गप्प असायचे.

सहाव्या रविवारी पूर्ण पेपरात माझे बावन्न प्रश्न वेळेत झाले, सेहेचाळीस बरोबर. सहज जमेल ते पहिल्या फेरीत, बाकीच्यांवर बारीक टिंब, टिंबांकडे दुसऱ्या फेरीत, आणि कुठेही दीड मिनिटाच्या वर थांबायचं नाही. आता हे आपोआप व्हायला लागलं होतं.

मग परीक्षा. पहिला पेपर दिला होता तोच ड्रॉइंग हॉल. अर्जात एक रकाना होता: कंपनीत कोणी नातेवाईक आहे का? मी लिहिलं, वडील, ऑपरेटर. पेपर पुढे आला. या वेळी हात कोरडे होते. पहिल्या फेरीत चौतीस झाले. एक मालिका अडली, सात, चाळीस, दहा, छत्तीस, तेरा, बत्तीस. टिंब दिलं, पुढे गेले. परत आले तेव्हा दिसलं की त्या दोन मालिका एकमेकींत विणलेल्या आहेत, एक तिनाने चढते, दुसरी चाराने उतरते. पुढचा आकडा सोळा. शेवटी नऊ प्रश्न कोरे सोडून मी पेन्सिल खाली ठेवली.

दुपारी यादी लागली. माझं नाव पहिलं होतं. माझ्या पाठीवर थापा पडत होत्या तेवढ्यात शिपाई आला आणि म्हणाला, तुम्हाला एकटीला आत बोलावलंय, बाकीच्यांचे इंटरव्ह्यू नंतर.

आत पर्सोनेलचे, म्हणजे भरती बघणाऱ्या खात्याचे, अधिकारी होते. आणखी एक इंजिनिअर. माझा पेपर आणि अर्ज टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले होते. अधिकाऱ्यांनी वडिलांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मागच्या कंपनीच्या परीक्षेत तुम्ही नापास झालात, असं तुमचे सर म्हणतात."

"हो."

"सात आठवड्यांपूर्वी. आणि आज सगळ्यांत वर. वडील आमच्याकडे कामाला. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

मला कळायला क्षण लागला. कळलं तेव्हा कानांतून वाफ निघाल्यासारखं झालं. पेपर मला आधी मिळाला होता, असं ते म्हणत होते.

"सर, मी तयारी केली. रोज."

"कोणाकडे?"

इथे मी अडखळले. क्लास लावला होता म्हणावं, असं मनात आलं. पण खोटं एकदा सांगितलं की पुढचा प्रश्न क्लास कुठला हा येणार. आणि खरं सांगावं तर काका गोत्यात येणार, कारण ते याच कंपनीचे. टेबलापलीकडून दोघं माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मी सांगितलं. "तुमच्याच वर्कस्टडी खात्यातले एक काका शेजारी राहतात. त्यांनी शिकवलं. पण पेपर त्यांनी पाहिलेला नाही सर. गाईडातले प्रश्न होते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इंजिनिअरनी ब्रीफकेसमधून एक टंकलिखित कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "दहा प्रश्न. दुसऱ्या संचातले. आठ मिनिटं. इथेच."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. खोलीत पंखा नव्हता. मी पहिला प्रश्न वाचला आणि काहीच कळलं नाही. अक्षरं नुसती दिसत होती. मग मी प्रश्नातल्या कामाच्या शब्दांखाली रेघ मारली, रोजच्यासारखी, आणि वाक्य उभं राहिलं. सकाळी एक माणूस सूर्याकडे पाठ करून उभा आहे, तो डावीकडे वळला तर तोंड कुठे? सूर्य पूर्वेला, पाठ पूर्वेकडे म्हणजे तोंड पश्चिमेला, डावीकडे दक्षिण. खूण केली. दुसऱ्यात फोटोकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, याची आई ही माझ्या आईची एकुलती एक मुलगी. म्हणजे ती स्वतःच. तो तिचा मुलगा. तिसरा. चौथा. सहाव्यात परत गोल टेबलाभोवती माणसं बसली होती, आठ. मी टिंब दिलं.

"वेळ संपली," इंजिनिअर म्हणाले. सहावा कोराच होता.

त्यांनी तपासलं. आठ बरोबर, एक चूक. इंजिनिअरनी सहाव्या प्रश्नावर पेन टेकवलं. "हा का सोडलात? येत नाही?"

"येतो सर. पण त्याला तीन मिनिटं लागली असती. तेवढ्यात बाकीचे तीन झाले."

इंजिनिअर मागे टेकून बसले. पर्सोनेलच्या अधिकाऱ्यांनी माझा अर्ज पुढे ओढला. त्यांनी माझा इंटरव्ह्यू घेतला, नेहमीचे प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाले, "कळवू." ज्या पद्धतीने म्हणाले त्यावरून मला वाटलं, संपलं.

खरी भीती पुढे होती. दोन दिवसांनी काकांना कंपनीत लेखी विचारणा झाली: भरतीच्या पेपरशी तुमचा काय संबंध, अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करा. मी गेले तेव्हा काकू दारात आल्या, पण मला आत ये म्हणाल्या नाहीत. "थोडे दिवस येऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. सोळा वर्षांची त्यांची नोकरी. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी काकांचा उल्लेखच केला नसता तर? पण मग माझ्यावरचा संशय कायमचा राहिला असता. दोन्हीकडून विचार केला, कुठेच सुटका नव्हती.

बाबांना आईने सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "ती चुकांची वही दे."

"कशाला?"

"दे म्हनतो ना."

दुसऱ्या दिवशी बाबा तासभराची गेटपास सुट्टी काढून पर्सोनेलमध्ये गेले. काका आधीच आत, अधिकाऱ्यांसमोर बसलेले होते. पुढचं मला काकांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं, बाबांनी कधीच नाही. बाबा आत गेले, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हिच्यात रोजची तारीख हाय. पेपर तुमच्याकडं कवा आला ते तुमी बघा. आन् ह्यो माणूस शिकवत व्हता तवा मी समोर बसलेलो असायचो. माझं न् ह्याचं पटत न्हाई, ते सगळ्या खात्याला ठावं हाय. मी ह्याच्यासाठी खोटं कशापायी बोलू?"

पेपर बाहेरच्या एका संस्थेकडून सीलबंद आला होता, परीक्षेच्या आदल्या दिवशी. वहीतली पहिली तारीख त्याच्या दीड महिना आधीची. अधिकाऱ्यांनी पानं उलटली. त्या चुकांच्या ढिगातून, 'वा', 'घा', 'वे', कोणीही वाचलं तरी कळलं असतं की या मुलीला पेपर आधी मिळालेला नव्हता. पेपर मिळालेल्याने इतक्या चुका कशाला केल्या असत्या?

काकांचा खुलासा मान्य झाला. पण कंपनीत काम करणाऱ्याने भरतीच्या उमेदवाराला शिकवू नये, अशी ताकीद त्यांच्या फाइलला लागली. पुढे गल्लीतल्या दुसऱ्या मुलांनी विचारलं तेव्हा काका सरळ नाही म्हणाले. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही. ती मुलं मग माझ्याकडे आली. मी शिकवलं, पण माझ्यात काकांची नजर नव्हती. चूक नेमकी कुठल्या तुकड्यात झाली ते मला त्यांच्याइतकं पटकन दिसत नसे.

माझं पत्र बारा दिवसांनी आलं. डिप्लोमा ट्रेनी, प्लॅनिंग विभाग. आईने ते दोनदा वाचायला लावलं. काकू स्वतः येऊन मला घरी घेऊन गेल्या. बाबा आणि काका यांच्यात मात्र फार काही बदललं नाही. रस्त्यात समोर आले तर मान हलवत, इतकंच. कोटा होता तिथेच राहिला.

रुजू व्हायच्या दिवशी बाबांची पहिली पाळी होती, पण त्यांनी पाळी बदलून घेतली होती. दोघं बसने गेलो. फाटकाच्या अलीकडे पन्नास पावलांवर बाबा थांबले.

"इथून तू एकटी जा," ते म्हणाले. "कंपनीत मी तुझा बाप न्हाई. घरी आल्यावर हाय."

मी पुढे निघाले. स्टाफच्या फाटकावर पहारेकऱ्याने पत्र मागितलं, नाव वाचलं, आणि रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. मी वेळेच्या रकान्यात सात पंचावन्न लिहिलं आणि सही केली.